फ्रँकच्या देशात युरोचं कार्ड

व्हिसा एकच, पण चलनं दोन. पॅरिस आणि स्वित्झर्लंड असा बेत आखणारी मराठी जोडपी बहुतेक वेळा इथेच पहिल्यांदा फसतात. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, मात्र डिसेंबर २००८ पासून शेंगेन व्यवस्थेत आहे. त्यामुळे फ्रान्समधून तिकडे जाताना दुसरा व्हिसा लागत नाही. व्यवहार मात्र फ्रँकमध्ये चालतो. पुण्यातल्या एका मामा-भाचीचा यावरून चांगलाच वाद झाला. मामा राष्ट्रीयीकृत बँकेच्या परकीय चलन विभागातून निवृत्त झालेले. भाची वास्तुरचनाकार आणि स्वभावाने ‘तिथे गेल्यावर बघू’ पंथातली. ती आणि तिचा नवरा मे महिन्यात जाणार होते. पॅरिसला तीन रात्री, इंटरलाकेनला चार, ल्युसर्नला दोन आणि झुरिकहून परत. दोघांची बाजू ऐकण्यासारखी आहे, कारण दोघेही काही बाबतीत बरोबर होते.

भाचीने लॅपटॉपवर एकच आकडा लिहून आणला होता : विमान सोडून साडेचार लाख. त्यातले दोन लाख युरो करून फॉरेक्स कार्डवर भरायचे, बाकीचं बुकिंग क्रेडिट कार्डाने. बास.

“हा आकडा रुपयांत आहे म्हणूनच तो चुकीचा आहे,” मामा म्हणाले. “युरोत किती जाणार, फ्रँकमध्ये किती जाणार आणि रुपयांत किती, हे तीन आकडे वेगळे काढ. मग बेरीज कर.”

“बेरीज तीच येणार ना, मामा?”

“नाही येणार. चलन जितक्या वेळा बदलेल तितक्या वेळा कुणीतरी मध्ये आपला वाटा काढून घेतो.”

रुपयांतल्या खर्चापासून सुरुवात झाली. शेंगेन व्हिसाची फी ११ जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५, आणि सहाच्या आतल्यांना माफ. ती भारतात रुपयांतच भरायची असते. हिशेब सोपा जावा म्हणून दोघांनी युरो शंभर रुपये आणि फ्रँक एकशे दहा रुपये असे गोल भाव धरले. प्रत्यक्ष भाव रोज हलतो आणि वाचकांनी आपल्या दिवसाचा धरावा. म्हणजे दोघांची फी अठरा हजार. शिवाय अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. केंद्रावर गेलं की एसएमएस, कुरिअर, आरामशीर कक्ष अशा सोयी पुढे केल्या जातात. त्या ऐच्छिक असतात, नको म्हणता येतं, हे अनेकांना काउंटरवर कळत नाही.

“मग अठरा आणि वर चार-पाच हजार धरते,” भाची म्हणाली.

“धर. पण ते गेले असं समजूनच धर. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. म्हणून आधी रद्द न होणारं तिकीट आणि हॉटेल घेऊन बसायचं नाही. अर्जाला प्रवासाचं आरक्षण दाखवावं लागतं. पैसे बुडतील असं तिकीट काढायची गरज नसते.”

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, हाही खर्चाशीच जोडलेला प्रश्न निघाला. जिथे जास्त दिवस मुक्काम, त्या देशाकडे. म्हणजे इथे स्वित्झर्लंड. स्वित्झर्लंड माणशी दिवसाला साधारण शंभर फ्रँक जवळ असल्याचा पुरावा अपेक्षित धरतं. दहा दिवस, दोन माणसं, म्हणजे दोन हजार फ्रँक, आपल्या भावाने दोन लाख वीस हजार. हे पैसे खर्च करायची सक्ती नसते, पण बँकेच्या उताऱ्यात ते आधीपासून दिसायला हवेत. अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम जमा झालेली रक्कम पाहिली की अधिकारी थबकतात. भाचीने मान डोलावली, कारण तिची मुदतठेव मोडायची होती आणि ती अर्जाच्या तोंडावर मोडणार होती.

विम्यावर मात्र ती लगेच हटली नाही.

“शेंगेनला तीस हजार युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं, आजारी पडलो तर मायदेशी आणायच्या खर्चासकट. तेवढीच पॉलिसी मी निवडली. सगळ्यात स्वस्त. तो व्हिसाचा एक कागद आहे, मामा.”

“व्हिसासाठी कागद आहे. इंटरलाकेनमध्ये नाही. तुला तिथे पॅराग्लायडिंग करायचंय ना? अटी वाच.”

तिने फोनवर पॉलिसी उघडली. अपवादांच्या यादीत साहसी खेळ होते. नवऱ्याचा रक्तदाब आधीपासूनचा. तो ‘जिवावर बेतलं तरच’ या कलमाखाली होता. आणि प्रत्येक वैद्यकीय दाव्यातले पहिले शंभर डॉलर स्वतःच्या खिशातून. म्हणजे ताप आला, डॉक्टरला दाखवलं, औषध घेतलं तर बहुतेक बिल आपलंच. स्वित्झर्लंडच्या डोंगरात हेलिकॉप्टरने उतरवायची वेळ आली तर खर्च काही हजार फ्रँकवर जातो. मामांचं म्हणणं एवढंच होतं की तीस हजार युरोऐवजी एक लाख डॉलरचं संरक्षण घेतलं तर या जोडप्याच्या वयाला हप्त्यात फारसा फरक पडत नाही, साहसी खेळांचं कलम जोडून मिळतं, आणि रक्तदाब अर्जात लपवायचा नाही. लपवलेला आजार हे दावा फेटाळायचं सर्वांत सोपं कारण असतं. विम्याचा आकडा तिने दुरुस्त केला. शिवाय त्या पहिल्या शंभर डॉलरसाठी नऊ-दहा हजारांची एक वेगळी ओळ लिहिली. ही ओळ फार थोड्या लोकांच्या अंदाजपत्रकात असते आणि ती असायलाच हवी. विमा कंपनीचा मदत क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये जतन करायचा, कारण रुग्णालयात दाखल होण्याआधी किंवा होताच त्यांना कळवावं, अशी बहुतेक पॉलिसींची अट असते.

मग विषय कार्डावर आला आणि खरा वाद सुरू झाला.

“दोन लाखांचे युरो घेते, सगळीकडे तेच कार्ड. फॉरेक्स कार्डावर शुल्क नसतं असं बँकेतल्या मुलीने सांगितलं.”

“ती खोटं बोलली नाही,” मामा म्हणाले. “तिने अर्धं सांगितलं. कार्डात युरो असतील आणि तू युरोत पैसे दिलेस तर शुल्क नाही. फ्रँकमध्ये दिलेस तर आहे.”

त्यांनी कागद ओढला. स्वित्झर्लंडमधल्या सहा दिवसांत दोघांचा हातखर्च दीड हजार फ्रँक धरला, म्हणजे बाजारभावाने एक लाख पासष्ट हजार रुपये. हाच खर्च चार प्रकारे करून पाहिला.

पहिला प्रकार भाचीचा. बँक युरो शंभरला विकत नाही. स्वतःचा नफा ठेवून, समजा, एकशे दोनला विकते. दीड हजार फ्रँकसाठी साडेसोळाशे युरो लागतात. पण कार्डात फ्रँक नाहीत, म्हणून बँक दर व्यवहाराला युरोचे फ्रँक करते आणि त्यावर परचलन शुल्क लावते. अनेक बँकांत ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे आणखी सुमारे अठ्ठावन्न युरो. एकूण सतराशे आठ युरो, एकशे दोनच्या भावाने एक लाख चौऱ्याहत्तर हजार. बाजारभावापेक्षा नऊ हजारांहून अधिक जास्त.

दुसरा प्रकार, साधं भारतीय क्रेडिट कार्ड. साडेतीन टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर अठरा टक्के जीएसटी, मिळून ४.१३ टक्के. जादा खर्च सहा हजार आठशे.

तिसरा, त्याच फॉरेक्स कार्डावर फ्रँकच भरलेले. भावातली दोन टक्क्यांची तफावत तेवढी जाते, तीन हजार तीनशे.

चौथा, परकीय व्यवहारावर शुल्क न लावणारं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड. कार्डाच्या जाळ्याच्या भावाने, म्हणजे बाजारभावाच्या अगदी जवळ.

भाची कागदाकडे बघत राहिली. जे कार्ड ती सगळ्यात सुरक्षित आणि स्वस्त समजत होती ते चारांत सगळ्यात महाग ठरलं होतं, आणि तेही केवळ आत चुकीचं चलन भरल्यामुळे. बँकेच्या शुल्कपत्रकात हे छापलेलं असतं, पण शुल्काची ओळ आणि विक्रीचा भाव या दोन गोष्टी कुणी शेजारी ठेवून बघत नाही. परकीय चलन घेताना जीएसटीही लागतो, मात्र तो फुगवून सांगितला जातो तेवढा नसतो. दीड-दोन लाखांच्या खरेदीवर तो सव्वादोनशे ते पावणेतीनशे रुपये होतो. पैसे जातात ते भावात.

आता तिने उलट बाजू उचलली. “मग फॉरेक्स कार्ड हवंच कशाला? शुल्क नसलेलं कार्ड घेते. भरायचं नाही, उरायचं नाही.”

“आणि मेपर्यंत फ्रँक एकशे चौदा झाला तर?”

“आणि एकशे सहा झाला तर?”

मामा क्षणभर थांबले. आयुष्यभर त्यांनी टेबलापलीकडच्या लोकांना भाव निश्चित करून टाका, असंच सांगितलं होतं. त्यांचा मुद्दा असा की पगारदार माणसाने चलनाच्या चढ-उतारावर जुगार खेळू नये. आज भरलं की खर्च कळतो. दीड हजार फ्रँकवर चार रुपयांची वाढ म्हणजे सहा हजार रुपये. पण भाचीचा हिशेबही पक्का होता. भाव वाढेल की नाही हे माहीत नाही. भरताना तीन हजार तीनशे जाणार हे मात्र नक्की. शिवाय जास्त भरून उरलं तर बँक ते खरेदीच्या भावाने परत घेते. तीनशे फ्रँक उरले आणि बँकेने ते १०७.८०ला घेतले, तर ११२.२०ला घेतलेल्या चलनावर तेराशे वीस रुपये हकनाक गेले.

इथे निकाल एका बाजूने देता येत नाही. गेल्या अनेक वर्षांचा कल पाहिला तर रुपया फ्रँकपुढे घसरत आला आहे, पण दोन-चार महिन्यांच्या पल्ल्यात तो दोन्हीकडे जातो. ज्यांचा एकूण खर्च ताणून बसवलेला आहे त्यांनी निम्मी रक्कम आधी निश्चित करावी. ज्यांच्याकडे थोडी सैल जागा आहे त्यांनी शुल्क नसलेलं कार्ड वापरावं. आणि दोन्ही कार्डं जवळ असावीत, वेगवेगळ्या पिशव्यांत. कारण एक कार्ड हरवलं किंवा यंत्राने गिळलं तर परक्या शहरात रविवारी संध्याकाळी हिशेबाचा प्रश्न उरत नाही, जेवणाचा होतो.

भारतीय कार्ड परदेशात चालायला एक गोष्ट निघण्यापूर्वी करावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार नवीन कार्ड सुरुवातीला फक्त देशांतर्गत व्यवहारांसाठी खुलं असतं. आंतरराष्ट्रीय वापर ॲपमधून आपणच सुरू करायचा आणि मर्यादा ठरवायची. फॉरेक्स कार्डात परदेशातून पैसे भरायचे तर ओटीपी येतो, म्हणून बँकेत नोंदवलेलं सिम बंद ठेवून चालत नाही.

“आणि यंत्रावर रुपये दिसले की खूश होऊ नकोस,” मामा म्हणाले.

हा त्यांचा आवडता मुद्दा. हॉटेलात, दुकानात, एटीएमवर पडद्यावर दोन रकमा येतात : एक फ्रँकमध्ये, एक रुपयांत. रुपयांची रक्कम ओळखीची वाटते आणि बोट तिकडे जातं. पण तो भाव त्या दुकानाच्या बाजूच्या कंपनीचा असतो, चार-पाच टक्के आणि कधी त्याहूनही महाग. फॉरेक्स कार्डावर तर दुप्पट मार बसतो, कारण फ्रँकचे रुपये आधी होतात आणि त्या रुपयांसाठी कार्डातले फ्रँक पुन्हा बदलले जातात. कधी काउंटरवरचा माणूस मदत म्हणून स्वतःच रुपये निवडून टाकतो. म्हणून कार्ड टेकवण्याआधी पडद्यावर CHF किंवा EUR आहे का ते बघायचं. INR असेल तर व्यवहार रद्द करून परत करायला सांगायचं. हे सांगण्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

आणखी एक खाच हॉटेलात असते. खोली देताना अनामत म्हणून कार्डावर काही रक्कम अडवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर ती मर्यादेतून वजा दिसते आणि सुटते. फॉरेक्स कार्डावर मात्र तेवढे खरे पैसे अडकतात आणि सुटायला कित्येक दिवस लागू शकतात. म्हणून अनामतीला क्रेडिट कार्ड, रोजच्या खर्चाला दुसरं.

दिवसाच्या खर्चावर भाचीने मामांना गप्प केलं. मामांनी सरासरी काढली होती : दोघांना दिवसाला अडीचशे फ्रँक. “असा दिवसच नसतो, मामा,” ती म्हणाली. “युंगफ्राउयोखला गेलो की त्या एका दिवसात दोघांचे चारशेच्या वर जातील. दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी चालायचं, काहीच जाणार नाही. सरासरीवर चाललो तर पहिल्याच डोंगरावर वाटेल की दिवाळं निघालं आणि पुढचे दोन दिवस आम्ही कॉफीही पिणार नाही.”

तिचं म्हणणं योग्य होतं. ३४५४ मीटर उंचीवरच्या त्या स्टेशनचं पूर्ण परतीचं भाडं माणशी दोनशे फ्रँकच्या वर जातं. स्विस हाफ फेअर कार्ड घेतलं तर ते निम्मं होतं. स्विस ट्रॅव्हल पासवर डोंगराच्या वरच्या टप्प्याला पंचवीस टक्के सूट मिळते. म्हणजे कोणता पास घ्यायचा हे जाहिरात बघून ठरत नाही. आपण किती रेल्वेप्रवास करणार आणि किती डोंगर चढणार, याची यादी मांडली की ठरतं. शिवाय वर ढग असतील तर एवढे पैसे देऊन पांढरा पडदा दिसतो. सकाळी थेट कॅमेऱ्याचं चित्र बघून त्याच दिवशी तिकीट काढायचं, हा भाचीचा आग्रह. मामांना सगळं आधी आरक्षित हवं होतं. इथे आधी आरक्षण केलं तर उलट तोटा होण्याची शक्यता असते. पॅरिसहून बासेलला येणाऱ्या जलद गाडीचं मात्र नेमकं उलटं : ते तिकीट जितकं उशिरा घ्याल तितकं महाग पडतं. ते आधीच काढायचं ठरलं, आणि पैसे युरोत द्यायचे असल्यामुळे शुल्क नसलेल्या कार्डाने.

खाण्याचा आकडा दोघांनी मिळून लिहिला. स्विस उपाहारगृहात एक साधा मुख्य पदार्थ पंचवीस-तीस फ्रँकला मिळतो, कॉफी पाचच्या आसपास. टीप बिलातच धरलेली असते. मिग्रो आणि कोप या दुकानांत भाजलेला पाव, चीज, फळं, तयार सॅलड घेतलं तर दोघांचं जेवण पंधरा-वीस फ्रँकमध्ये होतं. पाणी विकत घ्यायचंच नाही. शहरातल्या कारंज्यांचं पाणी, ‘पिऊ नये’ अशी पाटी नसेल तर, पिण्याचं असतं. पॅरिसच्या यादीत मामांनी जुन्या प्रवासवर्णनातून लूव्रचं तिकीट बावीस युरो धरलं होतं. जानेवारी २०२६ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या प्रेक्षकांना ते बत्तीस आहे. दोघांचे वीस युरो तिथेच वाढले. हॉटेलात प्रतिरात्र पर्यटन कर वेगळा द्यावा लागतो, तो खोलीच्या आगाऊ भाड्यात नेहमी नसतो.

शेवटी “यापेक्षा टूर कंपनीचं पॅकेज घ्या,” हे मामांचं जुनं अस्त्र बाहेर आलंच. सगळं रुपयांत, डोक्याला ताप नाही. भाचीने विचारलं, टीसीएस? पॅकेजवर तो पहिल्या रुपयापासून कापला जातो. स्वतः परकीय चलन घेणाऱ्याला १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला माणशी दहा लाखांपर्यंत तो लागत नाही. टीसीएस बुडत नाही, आयकर विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो, पण महिनोन्‌महिने पैसे अडकतात. आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी पॅकेजची सोय या अडकलेल्या पैशांपेक्षा मोठी असू शकते. या दोघांसाठी नव्हती.

भाचीचं नवं अंदाजपत्रक तीन रकान्यांचं झालं. रुपयांत व्हिसा, विमा आणि शंभर डॉलरची तरतूद. युरोत पॅरिसचा खर्च आणि गाडी. फ्रँकमध्ये डोंगर वेगळा, रोजचं खाणं वेगळं. फॉरेक्स कार्डात साडेसातशे फ्रँक, बाकी शुल्क नसलेल्या कार्डावर, आणि हाताशी फक्त दीडशे फ्रँकच्या नोटा, कारण नोटांचा भाव कार्डापेक्षाही महाग असतो आणि विमानतळावर सगळ्यात महाग. एकूण आकडा साडेचार लाखांवरून चार लाख सत्तर हजारांवर गेला. मामांना तो पटला, कारण पहिल्या आकड्यात नसलेला प्रत्येक रुपया आता कागदावर होता.

तुम्ही निघणार असाल तर आपल्या बँकेचं ताजं शुल्कपत्रक मागवा, त्यात परचलन शुल्काची ओळ शोधा आणि त्या दिवशीचा विक्रीचा भाव बाजारभावाशेजारी लिहून मगच चलन घ्या.